‘बाकी ३’ : पार्श्वभूमी बाजूला ठेवून कथेचं पहिलं वाक्य

*सप्रेम नमस्कार. दिवाळी अंकासाठी लिहिलेली माझी कथा सोबत जोडते आहे. ती साभार परत आली. संपादकांनी वर शेरा मारला होता, ‘सुरुवात पार्श्वभूमीत अडकली आहे, एखाद्या चित्राने करून पाहा.’ माझं पहिलं वाक्य असं होतं: ‘एसटीत ३२ वर्षं कंडक्टर म्हणून इमानेइतबारे नोकरी करून निवृत्त झालेले आणि पत्नीच्या निधनानंतर कराडला धाकट्या मुलाकडे राहायला आलेले शंकरराव स्वभावाने अतिशय काटकसरी आणि हिशेबी असल्यामुळे त्यांचं सुनेशी, वैशालीशी, कधीच फारसं पटलं नाही.’ शेरा वाचून मी ते बदललं: ‘पहाटेची कोवळी किरणं खिडकीच्या गजांतून आत झिरपत होती आणि अंगणातला प्राजक्ताचा सडा दवाने न्हाऊन निघाला होता.’ पण हेही जमल्यासारखं वाटत नाही. शिवाय पार्श्वभूमी काढून टाकली, तर शंकरराव कोण आणि सुनेशी त्यांचं का बिनसलं हे वाचकाला कळणार कसं?*
*— एक वाचक, कराड*

नमस्कार ताई,

कथा पूर्ण वाचली. तुम्हाला हवं असलेलं चित्र नव्याने शोधायची गरज नाही. ते तुमच्याच कथेत, चौथ्या पानावर आहे: ‘एकदा तर भाजी आणल्यावर त्यांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे “बाकी ३” असं लिहून तो कागद वैशालीला दिला होता.’ एवढं लिहून तुम्ही लगेच त्यांच्या काटकसरीच्या पुढच्या उदाहरणाकडे वळलात. माझ्या मते तुमची कथा या वाक्यापाशी सुरू होते.

इतर वाचकांसाठी कथेचा गाभा सांगतो. वैशालीला वाटतं, सासरे तिच्याकडे वरचे तीन रुपये मागताहेत. असे कागद येत राहतात, तिच्या मनात अढी वाढत जाते. शेवटी शंकरराव दवाखान्यात असताना त्यांच्या जुन्या चामडी पिशवीत तिला एक वही सापडते. तिच्यात तारीखवार नोंदी आहेत, आणि प्रत्येक नोंदीपुढे ‘वैशालीला देणे’. एसटीने फिरलेल्या माणसाला यातली खूण पटेल. कंडक्टरकडे सुटे नसले की तो तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून देतो. ती रक्कम प्रवाशाने द्यायची नसते, उतरण्याआधी कंडक्टरकडून घ्यायची असते. शंकरराव घरातही तेच करत होते. सुनेने दिलेल्या नोटेतले तीन रुपये आपल्याकडे राहिले आहेत, याची ती पावती होती. कल्पना फार चांगली आहे, म्हणूनच तिचं पहिलं वाक्य नीट बसावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या मूळ वाक्यात आठ गोष्टी आहेत: कंडक्टरची नोकरी, ३२ वर्षं, इमानेइतबारे, निवृत्ती, पत्नीचं निधन, धाकट्या मुलाकडे येणं, हिशेबी स्वभाव आणि सुनेशी न पटणं. मराठी वाक्याची घडण अशी आहे की हे सगळं त्यात सहज मावतं. ‘निवृत्त झालेले’, ‘राहायला आलेले’ अशी विशेषणं नामाच्या आधी कितीही रचत गेलं तरी व्याकरण बिघडत नाही, क्रियापद शेवटी निवांत थांबून असतं. लिहिणाऱ्याला त्यामुळे अडत नाही. वाचणाऱ्याला मात्र ‘शंकरराव’ हे नाव येईपर्यंत सगळं हातात धरून थांबावं लागतं, आणि हे सगळं नक्की कोणाविषयी चाललंय हे त्याला अजून माहीत नसतं. गाडीत जागा मिळायच्या आधीच कुणी आपल्या हातात चार पिशव्या द्याव्यात, तसं ते होतं.

पण वाक्य लांब आहे ही खरी अडचण नाही. ते तोडून चार छोटी वाक्यं केली तरी दोष राहीलच. खरी अडचण शेवटच्या दोन गोष्टींत आहे. ‘काटकसरी आणि हिशेबी’, ‘पटलं नाही’ ही माहिती नाही, हे निकाल आहेत. खटला उभा राहण्याआधीच तुम्ही निकाल वाचून दाखवलात. त्यातही शंकरराव हिशेबी आहेत हा निकाल वैशालीचा आहे आणि कथेच्या शेवटी तो चुकीचा ठरणार आहे. शेवटी उलटणारी गोष्ट सुरुवातीला तुम्ही लेखिका म्हणून, स्वतःच्या तोंडाने, खरी म्हणून सांगितलीत. मग शेवटी वाचकाला वैशालीची गैरसमजूत दूर झाल्यासारखं न वाटता लेखिकेने आपल्याला चुकीचं सांगितलं असं वाटतं. संपादकांना नेमकं हेच खटकलं की नाही ते मी सांगू शकत नाही, पण मला वाचताना इथेच ठेच लागली.

आता प्राजक्ताचं वाक्य. त्यात चित्र आहे, तरी ते का जमत नाही? कथेतली नावं झाकून ते वाक्य एखाद्या मैत्रिणीला वाचून दाखवा आणि ही गोष्ट कशाबद्दल असेल ते विचारा. प्रेमकथा, माहेरची आठवण, एखाद्याचा मृत्यू, काहीही चालून जाईल. ते चित्र कुठल्याही कथेच्या दारात उभं राहू शकतं, म्हणून ते तुमच्या कथेचं नाही. दुसरं असं की त्यात कुणीच काही करत नाही. किरणं झिरपतात, सडा न्हाऊन निघतो. माणसाचा हात कुठेच नाही. आणि तुमच्या कथेत पुढे प्राजक्त पुन्हा येतच नाही. पहिल्या वाक्यात दाखवलेली वस्तू वाचक जपून ठेवतो. तिचा पुढे काहीच उपयोग झाला नाही, तर तो नकळत लेखकावरचा विश्वास थोडा कमी करतो.

याच्या उलट टोकालाही जाऊ नका. चित्राने सुरुवात करा म्हटलं की काहीजण फुटलेला आरसा, रक्ताचा थेंब, रात्री दोन वाजता वाजलेला फोन असं काहीतरी दचकवणारं आणतात. तुमच्या कथेतली सगळ्यात मोठी घटना म्हणजे तीन रुपये. तिला तीन रुपयांएवढंच चित्र पुरतं.

मग हवं ते चित्र कसं ओळखायचं? मी कथा वाचताना पेन्सिल घेऊन त्यातल्या अशा वस्तूंखाली रेघ मारतो, ज्यांना पात्रांचे हात लागतात. तुमच्या कथेत अशा बऱ्याच निघाल्या: चामडी पिशवी, चष्मा, मिठाची बरणी, रोज एक पान फाडायचं तारखांचं कॅलेंडर, नातवाची पाटी, वही. त्यांतल्या बहुतेक वस्तू एकाच माणसाच्या हातात राहतात. दोघांच्याही हातांना लागते आणि दोघांना वेगवेगळी दिसते अशी वस्तू एकच आहे, कॅलेंडरचं ते पान. शंकररावांसाठी ते देणं आहे, वैशालीसाठी मागणं. कथेतला सगळा ताण त्या चिठोऱ्यात आहे.

चामडी पिशवीचा मोह होईल. कंडक्टर म्हटलं की तीच डोळ्यांपुढे येते, आणि ‘खुंटीवर चामडी पिशवी लटकत होती’ हे वाक्य ऐकायला बरंही वाटतं. पण पिशवी फक्त शंकररावांचा भूतकाळ सांगते. ती पार्श्वभूमीच आहे, वस्तूच्या रूपात आलेली. शिवाय ती शेवटी उघडायची आहे, तिला आताच पुढे आणू नका.

आता हे चित्र पहिल्या वाक्यात कसं आणायचं ते प्रत्यक्ष करून पाहू. पहिला खर्डा असा होईल:

‘कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे “बाकी ३” असं लिहिलेलं होतं.’

मूळ वाक्यापेक्षा हे कितीतरी बरं आहे, पण ‘लिहिलेलं होतं’ने सगळं गोठवलं आहे. कुणी लिहिलं, कुणासाठी, काहीच हलत नाही. वाचक एका कागदाकडे बघत उभा राहतो. हात आणायला हवा. दुसरा खर्डा:

‘शंकरराव भाजी घेऊन आले की उरलेल्या पैशांचा हिशेब कॅलेंडरच्या पानामागे लिहून सुनेला देत असत.’

इथे हात आला, पण दोन नवे दोष आले. ‘देत असत’ ही सवय झाली. सवय डोळ्यांना दिसत नाही, कारण तिला ठरावीक दिवस नसतो, वेळ नसते. तुमच्या पहिल्या तीन पानांत ‘नेहमी’, ‘कधी कधी’, ‘करायचे’, ‘म्हणत असत’ यांची गर्दी आहे. पार्श्वभूमीतून सुटलेला लेखक अनेकदा या सवयीच्या क्रियापदांत अडकतो, कारण त्यांत वस्तू असतात, माणसं असतात आणि दृश्य लिहिल्याचा भास होतो. ते ओळखायची खूण सोपी आहे: या वाक्यापाठोपाठ ‘आणि तेवढ्यात’ असं म्हणता येतं का? ‘देत असत आणि तेवढ्यात’ असं होऊच शकत नाही. ‘दिलं आणि तेवढ्यात’ होऊ शकतं. अनेकदा घडणाऱ्या गोष्टीतली एक वेळ निवडा आणि तीच लिहा. वाचक त्यावरून सवय ओळखतो, विशेषतः शंकरराव ते किती सहज करतात हे दिसलं तर.

दुसरा दोष जास्त महाग पडणारा आहे. ‘उरलेल्या पैशांचा हिशेब’ असं म्हटल्याबरोबर पैसे कुणाकडे उरले हे उघड झालं. कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच वाचकाला वाचू द्या. तिसरा खर्डा:

‘शंकररावांनी भाजीची पिशवी वैशालीच्या हातात दिली, कॅलेंडरचं कालचं पान फाडलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने “बाकी ३” असं लिहिलं आणि ते तिच्यावर ठेवलं.’

आता दिसू लागलं. पण ‘तिच्यावर’ म्हणजे पिशवीवर की वैशालीवर? असे अडथळे पहिल्याच ओळीत परवडत नाहीत. शिवाय चार क्रिया एकामागून एक आल्याने नेमकी महत्त्वाची क्रिया मध्येच बुडाली, आणि वाक्य संपलं ते ‘ठेवलं’ या सगळ्यात फिक्या शब्दावर. मराठीत क्रियापद शेवटी येतं हे खरं, पण लिहिलेला किंवा बोललेला मजकूर आपण त्याच्या मागे ठेवू शकतो. त्याचा इथे फायदा घेता येतो:

‘भाजीची पिशवी वैशालीच्या हातात देऊन शंकररावांनी कॅलेंडरचं कालचं पान फाडलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं, “बाकी ३”.’

मला हे वाक्य चालेल. पेन्सिल राहू द्या, कारण पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येतं आणि देणं फिटलं की शंकरराव ते खोडत असतील. ‘कालचं’ही राहू द्या, कारण त्यामुळे दिवस ठरला आणि आजचं पान न फाडणारा माणूसही कळला. ‘भिंतीवरच्या’, ‘हिरव्यागार मेथीच्या’, ‘थरथरत्या हाताने’ असं काही घालायचा मोह झाला तर आवरा. वाचकाने लक्षात ठेवायच्या गोष्टी तीनच आहेत: तो, ती आणि तो कागद.

इथे एक शंका तुमच्या मनात येईल: ‘बाकी ३’ म्हणजे काय हे पहिल्या वाक्यात कळत नाही, मग वाचक गोंधळणार नाही का? गोंधळ आणि कुतूहल यांतला फरक मी असा पाहतो. काय घडतंय ते स्पष्ट असेल आणि का घडतंय ते कळलं नसेल, तर वाचक पुढे वाचतो. काय घडतंय हेच कळलं नाही, तर तो मागे जातो, आणि दोनदा मागे जावं लागलं की कथा मिटतो. ‘त्याने ते तिच्यापुढे धरलं आणि ती गप्प झाली’ अशा सुरुवाती दुसऱ्या प्रकारच्या असतात. तिथे नावं, वस्तू, सगळंच लपवलेलं असतं आणि लेखकाला ते गूढ वाटतं. तुमच्या वाक्यात एका माणसाने एका बाईसमोर कागदावर दोन शब्द लिहिले, हे लख्ख दिसतं. कारण तेवढं मागे राहिलं आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, उरलेल्या माहितीचं काय करायचं. परिच्छेद पुढे नेऊन पाहू:

‘भाजीची पिशवी वैशालीच्या हातात देऊन शंकररावांनी कॅलेंडरचं कालचं पान फाडलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं, “बाकी ३”. पान मिठाच्या बरणीखाली सरकवून ते चपला काढायला पुन्हा दाराशी गेले. वैशालीने मेथी निवडायला घेतली, पण लक्ष त्या पानावरच होतं. तीन रुपये. जन्मभर एसटीत लोकांकडून पैसे गोळा केलेला माणूस, घरात तरी वसुली कशी सोडेल? तिने पर्स उघडली, एक-एक रुपयाची तीन नाणी काढली आणि दाराशी ऐकू जाईल अशी बरणीच्या झाकणावर ठेवली.’

कंडक्टरची नोकरी पाचव्या वाक्यात आली, पण ती तुमच्या तोंडून आली नाही. ती वैशालीच्या मनातल्या आरोपाचा भाग म्हणून आली. पार्श्वभूमी कथेत आणायचा यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही: जी माहिती एखाद्या पात्राला आत्ता, भांडायला किंवा स्वतःची समजूत घालायला, लागते ती त्या क्षणी आपोआप येते. शिवाय इथे माहिती खरी आहे आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. कंडक्टर लोकांकडून पैसे घेतो हे वैशालीला आठवतं, तो लोकांचे पैसे परतही देतो हे आठवत नाही. तिची संपूर्ण गैरसमजूत त्या एका वाक्यात बसली, आणि लेखिका म्हणून तुम्ही कुठेही खोटं बोलला नाहीत.

नोकरीची गोष्ट शेवटपर्यंत लपवून ठेवायचा विचार करत असाल तर तसं करू नका. वैशालीला ती माहीत आहे आणि कथा तिच्या नजरेतून चालली आहे. तिला माहीत असलेली गोष्ट वाचकापासून चोरली, तर शेवटी त्याला फसवल्यासारखं वाटेल. तिकिटामागे बाकी लिहिण्याची पद्धत मात्र तिच्या मनात येत नाही, म्हणून ती वाचकालाही सांगायची नाही. ज्याला आठवेल त्याला आठवू द्या. असा वाचक पहिल्याच पानावर तुमच्या बाजूने येईल आणि वैशालीला हे कधी कळतंय याची वाट बघत पुढे वाचेल.

हिशेबीपणा आणि न पटणं ही दोन्ही विधानं आता कुठेच लिहावी लागत नाहीत, ती त्या तीन नाण्यांच्या आवाजात आली. इमानेइतबारे हा शब्दही काढा. तो शेवटच्या वहीत दिसेलच. ३२ हा आकडा तुम्हाला प्रिय असेल तर वहीच्या प्रसंगात ठेवा. कराड हे नाव पहिल्या पानावर कुठेही सहज येईल, भाजी कुठल्या मंडईतून आणली एवढ्यानेही. धाकटा मुलगा संध्याकाळी घरी आला की आला.

पत्नीच्या निधनाचं मात्र थोडं थांबून बघा. तुम्ही त्याचा उल्लेख पहिल्या वाक्यात केलात आणि पुढे कथाभर त्याला हात लावला नाहीत. त्यामुळे तो केवळ शंकरराव इथे का राहतात याचं कारण म्हणून उरला. दोन गोष्टींपैकी एक करा. एकतर तो पूर्ण काढून टाका, म्हातारे वडील मुलाकडे राहतात याला वाचक कारण मागत नाही. किंवा त्याला कथेत काम द्या. वहीच्या सुरुवातीच्या पानांवर तुम्ही ‘वैशालीला देणे’च्या आधी काहीच दाखवलेलं नाही. तिथे जुन्या नोंदी पत्नीच्या नावाने असल्या, आणि एका तारखेनंतर नाव बदललेलं असलं, तर तिचं जाणं आणि सुनेला शंकररावांनी दिलेली जागा, दोन्ही एकाच ओळीत कळेल. कुठला पर्याय घ्यायचा हे तुम्ही ठरवा. मला दुसरा ओढून घेतोय.

नाण्यांकडे पुन्हा या. तुमच्या मूळ कथेत वैशाली मनात चिडते आणि नवऱ्याकडे तक्रार करते, पैसे ठेवत नाही. वर परिच्छेद लिहिताना ती नाणी आली आणि त्यांनी कथेला पुढची पायरी दिली. शंकररावांच्या हिशेबाने ते वैशालीचे तीन रुपये लागत होते. तिने आणखी तीन त्यांच्यासाठी ठेवले. मग दुसऱ्या दिवशी कॅलेंडरच्या पानामागे काय लिहिलेलं असेल? ‘बाकी ६’. वैशालीला वाटणार, पैसे देऊनही मागणी दुप्पट झाली. हे तुमच्या कथेतल्या काटकसरीच्या चार सुट्या किश्श्यांपेक्षा जास्त चढत जाणारं आहे, कारण इथे प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघते. पटलं तर ते किस्से काढून टाका, कथा दोन-अडीच पानांनी कमी होईल आणि घट्ट होईल. नेमक्या चित्राने सुरुवात करण्याचा हा मोठा फायदा मला वाटतो. ‘स्वभावाने हिशेबी’ या विधानातून पुढचा प्रसंग निघत नाही, फक्त आणखी उदाहरणं निघतात. ‘बाकी ३’मधून ‘बाकी ६’ निघतं.

रशियन कथाकार चेखवने इव्हान बुनिनला दिलेला एक सल्ला बुनिनने आपल्या आठवणींत नोंदवला आहे: कथा लिहून झाली की तिची सुरुवात आणि शेवट खोडून टाकावेत, कारण तिथेच आपण सगळ्यात जास्त खोटं बोलतो. तुमच्या कथेला हे दोन्ही टोकांना लागू पडतं. शेवटी वैशालीचा नवरा अर्धं पान बोलून तिला तिकिटामागच्या बाकीची पद्धत समजावतो. तुम्हाला ते भाषण लिहावं लागलं, कारण तोपर्यंत कागदाचा प्रसंग चौथ्या पानावरच्या एका ओळीत संपलेला होता आणि वाचक तो विसरला असेल ही भीती तुम्हाला होती. आता कागद पहिल्या ओळीपासून समोर आहे. वहीत एखादं जुनं, वापरलेलं तिकीट ठेवा, मागे रक्कम लिहिलेलं. ते वैशालीने उलटवून पाहिलं की नवऱ्याला बोलायची गरज उरणार नाही.

एक सावधगिरी. पार्श्वभूमीने सुरुवात करणं नेहमी चूक असतं असं मी म्हणत नाही. आपल्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ असंच म्हणत सुरू होतात आणि कुणाला कंटाळा येत नाही. तिथे पार्श्वभूमी दोन-तीन छोट्या वाक्यांत आटपते आणि सांगणाऱ्याचा आवाज कानावर पडल्याबरोबर ऐकणारा सावरून बसतो. प्रथमपुरुषी निवेदक ठसक्यात स्वतःची हकीकत सांगू लागला, तर त्याच्या बोलण्याची ढबच चित्राचं काम करते. तीन पिढ्यांची गोष्ट दहा पानांत सांगायची असेल, तरी एका क्षणाला चिकटून चालत नाही. तुमची कथा यांतली नाही. ती एका घरात, एका ओट्याशी, दोन माणसांत घडते आणि सांगणारा आवाज मुद्दाम शांत ठेवला आहे. अशा कथेत वाचकाला धरून ठेवायला वस्तूच लागते.

नवीन पहिलं वाक्य वर लावलंत की लगेच पुढची दुरुस्ती करू नका. आधी जुन्या पहिल्या तीन पानांतल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहा की ही गोष्ट कुणाला, कोणत्या क्षणी लागते. ज्याच्यासमोर काहीच लिहिता आलं नाही ते वाक्य वेगळ्या कागदावर काढून ठेवा, फाडू नका, त्यातलं एखादं शेवटाकडे उपयोगी पडेल. आणि चौथ्या पानावरचं ‘एकदा तर’चं वाक्य तिथून नक्की काढा. लेखक सुरुवात बदलतात आणि जुनी जागा साफ करायची विसरतात, मग वाचकाला तोच कागद दुसऱ्यांदा, नवीन असल्यासारखा दाखवला जातो. ते वाक्य काढल्यावर तिथे जी फट पडेल, तिथे ‘बाकी ६’चा प्रसंग बसतो का पाहा. बसला, तर अंकांची मुदत संपायच्या आत कथा पुन्हा पाठवा.